फोटोतली मोटारसायकल माझी नाही: ई-चलान तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यात ई-चलान काढणारे, ते मंजूर करणारे आणि त्यावरच्या तक्रारी निकाली काढणारे सर्व अधिकारी

विषय: दुसऱ्याच गाडीच्या फोटोवरून माझ्या नावे आलेले चलान आणि कारण न देता फेटाळलेली तक्रार

सविनय नमस्कार.

माझी तक्रार आपल्या विभागाने एका ओळीत निकाली काढली. ती ओळ अशी: ‘फोटो स्पष्ट आहे, दंड भरावा.’ फोटो स्पष्ट आहे, हे मलाही मान्य आहे. त्या स्पष्ट फोटोत काळ्या रंगाची मोटारसायकल दिसते आणि माझ्या नावावर पांढरी मोपेड आहे. मोपेडला पुढे पेट्रोलची टाकी नसते आणि पाय ठेवायला सपाट जागा असते. हे ओळखायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तरीही तक्रार फेटाळली गेली, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. हे वाचणाऱ्यांमध्ये असे अनेक जण असतील, ज्यांच्या मोबाइलवर असाच मेसेज पडून आहे आणि ज्यांना तो नीट वाचायचा कसा हेच कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी काही गोष्टी सविस्तर लिहिते. आपणही त्या वाचाव्यात, कारण माझ्या मागण्या त्यातूनच निघतात.

ज्या शहरातून हे चलान आलं, त्याचं किंवा तिथल्या शाखेचं नाव मी लिहीत नाही. एका टेबलावरच्या माणसाला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही.

आधी चलानाविषयी. मेसेजमध्ये गाडीचा नंबर, चलान क्रमांक आणि रक्कम एवढंच असतं. गुन्हा कुठला, कुठल्या चौकात, किती वाजता, हे बघायला संकेतस्थळावर जावं लागतं. महाराष्ट्रात ते mahatrafficechallan.gov.in आहे. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. हे आकडे आरसीवर असतात. वाचकांना एक विनंती: मेसेजमधली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा. चलानाच्या नावाखाली एखादी फाइल मोबाइलमध्ये घ्यायला लावून बँक खातं रिकामं करण्याचे प्रकार सर्रास चालतात आणि खऱ्या चलानासाठी कुठलीही फाइल इन्स्टॉल करावी लागत नाही.

माझ्या चलानात दोन गुन्हे होते. पहिल्यापुढे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आणि १९४-डी, रक्कम ५०० रुपये. दुसऱ्यापुढे कलम ११९ आणि १७७, रक्कम ५०० रुपये. एकूण १,००० रुपये. दोन-दोन कलमं बघून माणूस गोंधळतो, पण त्यांची रीत सोपी आहे. पहिलं कलम काय करायला हवं होतं ते सांगतं आणि दुसरं कलम ते न केल्याबद्दल शिक्षा काय ते सांगतं. कलम १२९ म्हणजे दुचाकीवर हेल्मेट घातलं पाहिजे, आणि १९४-डी ही ते न घातल्याची शिक्षा. कलम ११९ म्हणजे वाहतुकीच्या चिन्हांचं आणि सिग्नलचं पालन केलं पाहिजे, आणि १७७ ही ज्या गुन्ह्यांना वेगळी शिक्षा लिहिलेली नाही त्यांच्यासाठीची सर्वसाधारण शिक्षा.

आता रकमेबद्दल. मूळ कायद्यातल्या कलम १९४-डी मध्ये १,००० रुपये दंड लिहिलेला आहे आणि माझ्या चलानावर ५०० आहेत. यात चूक काही नाही. कलम २०० प्रमाणे काही गुन्हे कोर्टात न जाता तडजोडीने मिटवता येतात आणि त्यासाठी किती रक्कम घ्यायची हे राज्य सरकार ठरवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, त्यात हेल्मेटसाठी ५०० रुपये राहिले. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाला त्याच गुन्ह्यासाठी वेगळी रक्कम आली, तर दोन्ही चलानं बरोबर असू शकतात. मात्र रक्कम कमी असली तरी १९४-डी मध्ये तीन महिने लायसन्स धरण्यास अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. ती चलानाच्या मेसेजमध्ये कुठेच दिसत नाही. दुसऱ्याच्या हेल्मेटसाठी ५०० रुपये भरून टाकू आणि विषय संपवू, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

सिग्नलच्या रकमेत आणखी एक मेख आहे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये लागतात. म्हणजे माझं नसलेलं चलान मी भरलं, तर माझ्या गाडीच्या खात्यावर ‘पहिली वेळ’ लागते, आणि उद्या कुणी माझी मोपेड घेऊन खरोखरच सिग्नल तोडला तर थेट तिप्पट रक्कम पुढे येते. सिग्नल तोडणं कलम १८४ खालीही, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यातही, बसवता येतं आणि तिथे १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद अशी शिक्षा आहे. म्हणून चलान बघताना गुन्ह्याचं नाव वाचून थांबू नये, पुढचा कलमाचा आकडाही वाचावा. शब्द तेच असले तरी आकडा बदलला की प्रकरण बदलतं.

हे चलान माझ्याच नावावर का आलं? कॅमेऱ्याला गाडी कोण चालवतंय ते कळत नाही. त्याला पाटी दिसते. पाटीवरचा नंबर नोंदणीच्या माहितीशी जोडला जातो आणि नोंदणीत ज्याचं नाव असेल त्याच्याकडे चलान जातं. माझी गाडी भावाने चालवली असती तरी चलान मलाच आलं असतं आणि चालक कोण होता हे विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे माझीच असती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती पाटी वाचण्याबद्दल, आणि पाटीवरून मिळालेली माहिती फोटोशी ताडून न बघण्याबद्दल.

तो फोटो मी मोठा करून पाहिला तेव्हा कारण लगेच सापडलं. माझ्या नंबरात शेवटून दुसरा आकडा इंग्रजी आठ आहे. फोटोतल्या मोटारसायकलवर त्या जागी इंग्रजी तीन आहे. पाटी जुन्या पद्धतीची, दुकानात रंगवून घेतलेली. ती बसवणाऱ्याने स्क्रू नेमका त्या तीनच्या डाव्या, उघड्या बाजूला मारला आहे. स्क्रूचं डोकं काळं पडलेलं आहे. लहान फोटोत ते डोकं आकड्यात मिसळतं आणि तीनचा आठ होतो. मोठा करून पाहिलं तर आकड्याच्या दोन टोकांमध्ये गोल डोकं वेगळं दिसतं, त्यावरची पेचकसाची खाचही दिसते. नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याने तो आठ वाचला, हे मी समजू शकते. इंग्रजी तीन आणि आठ, बी आणि आठ, डी आणि शून्य, एक आणि सात यांत चूक होते. चिखल, वाकलेली पाटी, रात्रीचा झोत, शोभेची अक्षरं यांनी ती वाढते. पण यंत्राने वाचल्यानंतर एक माणूस ते मंजूर करतो ना? त्याच्यासमोर एका बाजूला फोटो असतो आणि दुसऱ्या बाजूला, निदान असायला हवी, नोंदणीची माहिती. त्यात गाडीचा प्रकार, कंपनी, मॉडेल आणि रंग हे सगळं लिहिलेलं असतं. काळी मोटारसायकल आणि पांढरी मोपेड यांतला फरक बघायला क्षणभर पुरे आहे. तो क्षण कुणी दिला नाही.

तक्रारीवर निर्णय देणाऱ्याने तरी तो द्यायला हवा होता. मी तक्रार कशी केली ते लिहिते, कारण ज्यांना हेच करायचं आहे त्यांना उपयोग होईल.

सगळ्यात आधी चलान आणि त्यासोबतचा फोटो पूर्ण आकारात उतरवून ठेवला. मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो काढला की तो लहान होतो आणि स्क्रूसारख्या खुणा पुसल्या जातात, म्हणून मूळ फोटोच घ्यायचा. मग आरसी शेजारी ठेवून एकेक गोष्ट ताडली: पाटीवरचं प्रत्येक अक्षर आणि आकडा, गाडीचा प्रकार, रंग, आरशांचा आणि मागच्या दिव्याचा आकार, चौकाचं नाव, तारीख आणि वेळ. नंतर माझ्या मोपेडचे पुढून, मागून आणि बाजूने उजेडात फोटो काढले. पाटीवरचा नंबर स्वच्छ वाचता येईल असा एक जवळून घेतला. माझ्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे. तिच्यावर डाव्या बाजूला खाली लेझरने कोरलेला एक बारीक क्रमांक असतो आणि वर होलोग्राम असतो. तोही फोटोत घेतला.

मग संकेतस्थळावर `Grievance` या पर्यायात चलान क्रमांक टाकून तक्रार दिली. तिथे रागाने लांबलचक लिहिण्यात अर्थ नसतो. वाचणाऱ्याला फरक बोटावर मोजता आला पाहिजे. मी लिहिलं ते असं:

‘या चलानाच्या फोटोतील वाहन माझे नाही. १) फोटोतील वाहन काळी मोटारसायकल आहे, माझ्या नोंदणी प्रमाणपत्रानुसार माझे वाहन पांढरी मोपेड आहे. २) फोटोतील पाटीवर शेवटून दुसरा अंक इंग्रजी तीन आहे, माझ्या नंबरात तो आठ आहे, तीनच्या उघड्या बाजूस स्क्रू असल्याने तो आठ वाचला गेला आहे. ३) फोटोतील पाटी साधी आहे, माझ्या वाहनावर उच्च सुरक्षा पाटी आहे. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, वाहनाचे फोटो व चलानाच्या फोटोतील पाटीचा मोठा केलेला भाग जोडला आहे. चलान माझ्या वाहनावरून रद्द करावे व निर्णय कारणासह कळवावा.’

मी त्या वेळी कुठे होते, गाडी कुठे लावली होती, हे मी मुद्दामच लिहिलं नाही. गाडीच वेगळी असेल तर आपण कुठे होतो याचा पुरावा देत बसायचं कारण नाही. तो वाद सुरू केला की मुख्य मुद्दा बाजूला पडतो आणि तपासणारा आपल्या हजेरीच्या कागदात शंका काढत बसतो.

यावर जे उत्तर आलं ते वर लिहिलंच आहे. त्यात गाडीच्या प्रकाराबद्दल शब्द नाही, रंगाबद्दल नाही, स्क्रूबद्दल नाही. उत्तर कुणी दिलं त्याचं पदही नाही. जोडलेली कागदपत्रं कुणी उघडली होती का, हेही त्यावरून कळत नाही.

आता माझ्या हरकती नीट मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी हरकत अशी की, केंद्रीय मोटार वाहन नियमांनी जे बंधन आपल्यावर घातलं आहे ते चलानात दिसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये या नियमांत १६७-अ हा नियम आला. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, पोलिसांच्या अंगावरचा कॅमेरा, पाटी आपोआप वाचणारी यंत्रणा अशा साधनांवरून चलान काढायचं तर काय काय हवं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गुन्हा आणि पाटी दोन्ही ठळक दिसतील असा फोटो हवा. साधनाने मोजलेलं काही असेल, जसा वेग, तर तो आकडा हवा. तारीख, वेळ, ठिकाण हवं. कुठलं कलम मोडलं ते हवं. आणि हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठल्या साधनातून आला, ते साधन त्या वेळी नीट चालू होतं, असं प्रमाणपत्र हवं, त्यावर राज्य सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची सही हवी. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे दिलं जायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ त्या जागी आलं आहे. साधनालाही मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवीन करावं लागतं. गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची, असंही हा नियम म्हणतो.

माझ्या चलानावर फोटो, वेळ आणि कलम आहे. प्रमाणपत्र नाही. कॅमेऱ्याचा क्रमांकसुद्धा नाही, त्यामुळे त्याची मान्यता कधीची, हे विचारायचं तर कशाच्या आधारे? जे नागरिकाने पाळायचं त्याचा दंड लगेच लागतो. जे यंत्रणेने पाळायचं ते चलानावर छापलेलंही नसावं, हे मला मान्य नाही.

दुसरी हरकत तक्रारीच्या वाटेबद्दल. ज्या शाखेने चलान मंजूर केलं, तक्रार तिच्याचकडे परत जाते, असा माझा आणि माझ्यासारख्यांचा अनुभव आहे. आपलीच चूक आपणच तपासायची आणि तीही कारण न देता. फेटाळल्यानंतर वरच्या अधिकाऱ्याकडे जायची वाट ऑनलाइन दिसत नाही. मग माणूस छापील अर्ज घेऊन वाहतूक शाखेत जातो. मीही गेले. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच मागितली. वाचकांनी पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. तोंडी ‘बघतो’ म्हटल्याची पुढे कुठेही नोंद नसते. तिथल्या हवालदारांनी फोटो पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, गाडी तुमची नाही हे दिसतंय, पण आमच्या लॉगिनला रद्द करायचा अधिकार नाही.” त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याला चूक दिसते त्याला ती दुरुस्त करता येत नाही, आणि ज्याला दुरुस्त करता येते तो फोटो उघडत नाही, अशी ही रचना आहे.

तिसरी हरकत लोकअदालतीच्या नोटिसांबद्दल. चलान थकलं की लोकअदालतीत हजर राहण्याचा मेसेज येतो आणि लोक घाबरून पैसे भरतात. त्यात कायद्याची माहिती अर्धीच असते. लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड करण्यासाठी आहे. तिथे तडजोड झाली की तो निवाडा अंतिम होतो, त्यावर अपील नाही. पण तडजोड नाकारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. ज्याची गाडीच नाही त्याने तिथे जाऊन ‘मला तडजोड मान्य नाही, वाहन माझे नाही’ असं सांगावं. त्यानंतर वाद कोर्टातच सुटायचा राहतो. चलान व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल तर vcourts.gov.in वर ते शोधता येतं. तिथे दंड भरण्याचा एक आणि खटला लढवण्याचा एक, असे दोन पर्याय असतात. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तिथे फोटोतली गाडी कुणाची हे दाखवण्याची पाळी आपल्या विभागावर येते. हा पर्याय आहे, हे आपल्या एकाही मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं. ‘भरा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोर्टात जायचं म्हणजे रजा काढणं आलं, येणंजाणं आलं, आणि हजार रुपयांसाठी हे करायला बहुतेक माणसं तयार होत नाहीत. त्यांच्या या नाइलाजावर वसुली वाढू नये.

पैसे भरल्यावर तर वाट बंदच होते. तडजोडीची रक्कम भरणं म्हणजे तो गुन्हा त्या गाडीवर मान्य होऊन प्रकरण मिटणं. नंतर फोटो दाखवून परत मागायला गेलात तर प्रश्न येतो, तुमची गाडी नव्हती तर भरलेत का? म्हणून वाचकांना सांगते, चुकीच्या गाडीचं चलान ‘आधी भरू, मग तक्रार करू’ असं करू नका, आणि चलानावरची मुदत संपण्याआधीच तक्रार द्या.

एक वेगळा प्रकारही आहे, आणि तो माझ्यापेक्षा गंभीर आहे. माझ्या फोटोत आकडा चुकीचा वाचला गेला होता. पण आमच्याच सोसायटीतल्या एका काकांच्या चलानात पाटीवर हुबेहूब त्यांचाच नंबर आहे आणि गाडी दुसऱ्या कंपनीची. म्हणजे कुणीतरी त्यांचा नंबर आपल्या गाडीवर लावून फिरतो आहे. अशा वेळी एक चलान रद्द करून घेणं पुरेसं नाही, कारण पुढचं येणारच. आणि ती गाडी उद्या अपघातात किंवा चोरीत सापडली तर पोलीस काकांच्या दारात येतील. त्यांनी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायला हवी, तिची प्रत चलानाच्या तक्रारीला जोडायला हवी आणि परिवहन कार्यालयालाही कळवायला हवं. तिथे एचएसआरपीवरचा कोरलेला क्रमांक कामाला येतो, कारण तो नोंदणीच्या माहितीशी जोडलेला असतो आणि रंगवलेल्या नकली पाटीवर तो नसतो. काका ठाण्यात गेले तेव्हा त्यांना ‘हे ट्रॅफिकचं काम, तिकडे जा’ असं सांगितलं, आणि ट्रॅफिकवाल्यांनी परत ठाण्याकडे बोट दाखवलं. सत्तरीच्या माणसाला हे असं हेलपाटे घालायला लावणं शोभत नाही.

गाडी विकून झाली तरी चलान जुन्या मालकाला येतं, अशा तक्रारीही आपल्याकडे येत असतील. तिथे फोटो आणि नंबर दोन्ही बरोबर असतात. नोंदणीत नाव बदललेलं नसतं. त्या लोकांना चलानाच्या तक्रारीतून फार काही मिळणार नाही, त्यांनी आधी हस्तांतरण पूर्ण करून घ्यावं. विक्रीची माहिती विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते.

शेवटची हरकत अशी की, माझं चलान उद्या रद्द झालंच, तरी ज्याने हेल्मेट न घालता लाल सिग्नल ओलांडला तो मोकळाच राहणार. त्याचा खरा नंबर फोटोत आहे. १५ दिवसांची मुदत मात्र माझी तक्रार फिरत असतानाच उलटून गेली. कॅमेरे अपघात कमी व्हावेत म्हणून बसवले, हे मी मनापासून मानते. मी रोज त्याच रस्त्यांवरून शिकवणीच्या मुलांकडे जाते आणि सिग्नल तोडून अंगावर येणाऱ्या गाड्यांची भीती मलाही वाटते. म्हणूनच मला ही यंत्रणा बंद व्हायला नको आहे. ती बरोबर माणसाला पकडणारी हवी आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

१. चलान मंजूर करणाऱ्याच्या स्क्रीनवर फोटोशेजारी गाडीचा प्रकार, कंपनी, मॉडेल आणि रंग दिसावा, आणि हे जुळतं अशी खूण केल्याशिवाय चलान पुढे जाऊ नये. नंबर यंत्राने वाचला असेल तर तो माणसाने पुन्हा वाचावा.

२. प्रत्येक चलानासोबत नियम १६७-अ मधलं प्रमाणपत्र, साधनाचा क्रमांक आणि त्याच्या मान्यतेची मुदत द्यावी. आज हे मिळवायला माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करावा लागतो आणि ३० दिवस थांबावं लागतं. मी तो अर्ज केला आहे.

३. तक्रारीवरचा निर्णय कारणासह, अधिकाऱ्याच्या पदासह आणि ठरलेल्या मुदतीत मिळावा. ‘वाहन माझे नाही’ ही तक्रार वेगळ्या प्रकारात नोंदवून चलान काढणाऱ्या शाखेबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावी. फेटाळल्यास वर दाद मागण्याची सोय तिथेच असावी.

४. अशी तक्रार प्रलंबित असताना त्या चलानासाठी लोकअदालतीची नोटीस किंवा वसुलीचे मेसेज पाठवू नयेत, आणि ती रक्कम थकबाकीत दाखवू नये. जुनी गाडी घेणारा आज सगळ्यात आधी चलानांची यादी बघतो आणि त्यावरून भाव पाडतो.

५. प्रत्येक मेसेजमध्ये ‘भरा’ सोबत ‘हरकत असल्यास’ अशी ओळ आणि कोर्टात लढवण्याच्या पर्यायाची माहिती मराठीत असावी.

६. एकच नंबर दोन गाड्यांवर असल्याची तक्रार ज्या ठाण्यात येईल तिथेच नोंदवली जावी. ती परिवहन कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी त्या ठाण्याची असावी.

७. चुकीने भरलेली रक्कम परत मिळण्याची पद्धत जाहीर करावी आणि भरणाऱ्याच्या खात्यावर लागलेली ‘पहिली वेळ’ पुसली जावी.

माझ्यापुरतं मागणं लहान आहे: माझ्या तक्रारीसोबत जोडलेला मोठा केलेला फोटो एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने उघडावा, माझ्या आरसीशी ताडावा आणि मला कारणासह लेखी कळवावं. तोपर्यंत मी हे चलान भरणार नाही. प्रकरण कोर्टात पाठवायचं असल्यास पाठवावं. मी आरसी, फोटो आणि अर्जाची पोच घेऊन हजर राहीन.

आपली,
एक मोपेडधारक शिक्षिका